गुजरीतला साज आणि डॉलरचा हिशेब

‘ताई, मी कागल तालुक्यातली. पुढच्या वर्षी लेकीचं लग्न आहे. ऊसबिल जमा झालं की गुजरीत जाऊन तिच्यासाठी साज आणि पाटल्या करायच्या असं ठरवलंय. धाकटा मुलगा कोल्हापुरात बी.कॉम. करतो. तो म्हणतो, “आई, तू सोनं घेतलंस की देशाचा रुपया पडतो.” मी तर सराफाला रुपयेच देते, डॉलर कधी डोळ्यानं बघितलासुद्धा नाही. मग रुपया पडतो कसा? आणि सरकार सोन्यावर कर वाढवून आमच्यासारख्यांनाच का पिळतं? आता घेऊ की थांबू?’
— एक आई, कागल तालुका

ताई,

मी नोकरीची बरीच वर्षं बँकेच्या परकीय चलन विभागात काढली. तुम्ही गुजरीत मोजलेल्या नोटा शेवटी जिथे पोचतात, त्या टेबलावर मी बसले आहे. म्हणून आधी त्या नोटांच्या मागे जाऊ या.

तुम्ही सराफाला पैसे दिले. त्यानं दागिना विकला, म्हणजे तेवढं सोनं त्याच्याकडचं कमी झालं आणि ते त्याला भरून काढायचं आहे. तो मुंबईच्या झवेरी बाजारातल्या घाऊक व्यापाऱ्याकडून चोख सोनं घेतो. तो व्यापारी घेतो ज्या बँकांना किंवा संस्थांना सोनं आयात करायची परवानगी आहे त्यांच्याकडून. आणि ती बँक घेते परदेशातून, बरंचसं स्वित्झर्लंडमधल्या शुद्धीकरण कारखान्यांतून. तिथला भाव लंडनच्या बाजारावर ठरतो आणि तो डॉलरमध्ये असतो, एका औंसाला म्हणजे ३१.१ ग्रॅमला इतके डॉलर असा. तिथला विक्रेता रुपये घेत नाही. मग बँक काय करते? चलन बाजारात जाऊन रुपये विकते आणि डॉलर विकत घेते. तुमचा रुपया तीन हात बदलून या टेबलावर येतो, आणि तिथं तो डॉलरसाठी दिला जातो. तुम्हाला डॉलर दिसला नाही, पण तो तुमच्या नावानं घेतला गेला.

कुणी म्हणेल, आपल्या देशात खाणी नाहीत का? कोलारची खाण २००१ मध्ये बंद झाली. रायचूर जिल्ह्यातली हट्टीची खाण चालू आहे, तिच्यातून वर्षाला दीड टनाच्या आसपास सोनं निघतं. देशाची मागणी मात्र वर्षाला सातशे-आठशे टनांची. त्यामुळे जुने दागिने मोडून आलेलं सोनं सोडलं, तर गुजरीत येणारा नवा ग्रॅम बाहेरचाच समजा.

आता रुपयाच्या किमतीकडे या. मार्केट यार्डात गुळाचा सौदा तुमच्या घरात कुणीतरी पाहिलेला असेलच. आवक कमी आणि घेणारे जास्त असले की भाव चढतो. डॉलरचंही तेच आहे. डॉलरची आवक होते ती निर्यातीतून, सॉफ्टवेअर कंपन्यांच्या कमाईतून, आखातात राबणारी आपली माणसं घरी पाठवतात त्या पैशातून आणि परदेशी गुंतवणूकदार इथं आणतात त्या भांडवलातून. डॉलर घेणारे म्हणजे तेल आयात करणारे, खत आणणारे, यंत्रं आणणारे आणि सोनं आणणारे. घेणाऱ्यांची रांग लांबली की एका डॉलरला जास्त रुपये मोजावे लागतात. रुपया पडला म्हणतात तो हा.

मालाची आयात निर्यातीपेक्षा जितकी जास्त, तिला व्यापार तूट म्हणतात. त्या तुटीतून सॉफ्टवेअरची कमाई आणि बाहेरून आलेले घरचे पैसे यांसारखी आवक वजा केली की जे उरतं, ती चालू खात्यावरची तूट. ही दुसरी तूट परदेशी गुंतवणूक किंवा कर्ज घेऊनच भरावी लागते. रुपयाच्या तब्येतीसाठी हा आकडा जास्त महत्त्वाचा, कारण तो भरायला दुसऱ्याच्या मर्जीवर राहावं लागतं.

तुमच्या मुलाच्या बोलण्यातला एक बारकावा इथं सांगते. तुमच्या दृष्टीनं पाटल्या म्हणजे बचत. अडीनडीला मोडता येतात, लेकीच्या हक्काच्या राहतात. ते अगदी खरं आहे आणि त्यात लाज वाटण्यासारखं काही नाही. पण तेच दोन लाख तुम्ही बँकेत ठेवले असते, तर बँकेनं ते शिरोलीच्या एखाद्या फौंड्रीला भांडवल म्हणून दिले असते. पैसा देशातच फिरला असता, त्यातून झालेलं कास्टिंग कदाचित निर्यातही झालं असतं आणि चार डॉलर आत आले असते. सोन्यात गेलेले दोन लाख डॉलर होऊन बाहेर जातात आणि त्यांच्या बदल्यात आलेली वस्तू कपाटात बसते. घराच्या वहीत जी बचत, तीच देशाच्या वहीत आयातीचा खर्च म्हणून लिहिली जाते. तेलही बाहेरूनच येतं आणि त्याचं बिल सोन्यापेक्षा कितीतरी मोठं आहे, पण तेलावर ट्रॅक्टर चालतो, ट्रक चालतो. ते थांबवलं तर तुमचा ऊस कारखान्याला पोचणार नाही. सोनं एक वर्ष कमी आलं तर काही थांबत नाही. म्हणून तूट हाताबाहेर जाऊ लागली की कोणत्याही पक्षाच्या सरकारचा हात पहिल्यांदा सोन्याकडे जातो.

हे सगळं एकदा डोळ्यासमोर घडलेलं आहे. २०१३ साल. तेव्हा मी नोकरीत होते आणि तो उन्हाळा मी विसरणार नाही.

२०१२-१३ या आर्थिक वर्षात देशाची मालाची व्यापार तूट सुमारे १९० अब्ज डॉलर होती. बाहेरची आवक वजा जाऊन चालू खात्यावरची तूट उरली ८८ अब्ज डॉलर, म्हणजे देशाच्या एकूण उत्पन्नाच्या ४.८ टक्के. इतकी मोठी ती त्याआधी कधी झालेली नव्हती. त्या वर्षी सोन्याच्या आयातीवर गेले जवळपास ५४ अब्ज डॉलर. हे दोन आकडे शेजारी ठेवून बघा. सोनं एकटंच दोषी असं मी म्हणत नाही, तेलाचं बिल तर १६० अब्जांच्या वर होतं. पण जी तूट उसनवारीनं भरायची होती, तिच्या अर्ध्याहून अधिक रकमेएवढं सोनं आपण आणलं होतं.

लोक इतकं सोनं का घेत होते? महागाई १० टक्क्यांच्या आसपास होती आणि बँकेतल्या ठेवीवर त्याहून कमी व्याज मिळत होतं. पैसा बँकेत ठेवला तर तो आतून झिजत होता. आपल्याकडच्या बायकांना हे अर्थशास्त्राच्या पुस्तकाशिवाय कळतं, आणि त्यांनी सोनं घेतलं. त्यांना दोष देणाऱ्यांनी आधी ठेवीवरचं व्याज आणि बाजारातल्या डाळीचा भाव शेजारी ठेवायला हवे होते.

मग एप्रिल २०१३ मध्ये जगभर सोन्याचा भाव दोन दिवसांत कोसळला. आपल्याकडे तर स्वस्तात मिळतंय म्हणून झुंबड उडाली. २०१२-१३ मध्ये महिन्याला सरासरी ७० टन सोनं येत होतं, ते मे २०१३ या एका महिन्यात १६२ टन आलं. त्याच महिन्यात, २२ तारखेला, अमेरिकेच्या मध्यवर्ती बँकेचे तेव्हाचे प्रमुख बेन बर्नान्के यांनी बाजारात पैसा ओतणं कमी करण्याचे संकेत दिले. गुंतवणूकदार आपला पैसा भारतासारख्या देशांतून काढून घेऊ लागले. म्हणजे डॉलर घेणाऱ्यांची रांग वाढलेली आणि डॉलर आणणारेच परत निघालेले. मेच्या सुरुवातीला एक डॉलर ५४ रुपयांच्या आसपास मिळत होता. २८ ऑगस्टला तो दिवसभरात ६८ रुपयांच्या पुढे गेला.

या काळातला एक हिशेब तुमच्या मुलाला करून दाखवा, म्हणजे त्याला आणि तुम्हालाही एक गोष्ट लख्ख दिसेल. एप्रिलच्या मध्याला आणि ऑगस्टच्या अखेरीला, दोन्ही वेळी जागतिक भाव औंसाला १,४०० डॉलरच्या आसपास होता. १० ग्रॅम म्हणजे औंसाचा सुमारे तिसरा हिस्सा, त्याचे ४५० डॉलर धरा. डॉलर ५४ रुपये असताना त्याचे होतात २४,३०० रुपये. त्या वेळी आयात कर ६ टक्के होता, तो धरून २५,७५० च्या आसपास. आता डॉलर ६८ करा. तेच ४५० डॉलर ३०,६०० रुपयांचे झाले, आणि कर तोवर १० टक्के झाला होता म्हणून एकूण ३३,६५० रुपये.

१० ग्रॅममागे जवळपास ७,९०० रुपये वाढले. त्यात वाढीव कराचा वाटा किती? ३०,६०० वर ४ टक्के, म्हणजे सव्वाबाराशे रुपयांच्या आसपास. बाकीचे साडेसहा हजारांहून अधिक रुपये रुपया पडल्यामुळे वाढले. जगात सोनं महाग झालंच नव्हतं. तुम्ही ‘कर लावून पिळतात’ म्हणता तो राग मला समजतो, पण त्या उन्हाळ्यात गुजरीतल्या गिऱ्हाइकाला कराच्या पाचपट फटका रुपयानं दिला. आणि तो फटका सोन्यापुरता थांबला नाही. डिझेल, खाद्यतेल, उसाला घालायचं पोटॅश, जे आपण सगळंच्या सगळं बाहेरून आणतो, त्या प्रत्येकाची किंमत डॉलरला बांधलेली आहे. ज्यानं एक ग्रॅमही सोनं घेतलं नाही त्या शेतकऱ्याच्या पोत्यावरही तो भार येतो.

यात एक दुष्टचक्रही आहे. रुपया पडला की रुपयातला सोन्याचा भाव चढतो. भाव चढताना दिसला की लोकांना वाटतं, बघा, सोनंच खरं, आणखी घेऊ या. त्यासाठी आणखी डॉलर लागतात आणि रुपया आणखी दबतो. नुसता भाव वाढून मागणी आपोआप आटेल असा भरवसा सोन्याच्या बाबतीत धरता येत नाही. डाळ महागली की माणूस डाळ कमी खातो. सोनं महागलं की काही जण थांबतात आणि काही जण धावतात.

सरकारला हे चक्र तोडायचं असतं, म्हणून कर. जानेवारी २०१२ पर्यंत १० ग्रॅमला सरसकट ३०० रुपये कर होता, भाव कितीही असो. त्या महिन्यात तो किमतीच्या २ टक्के केला. मार्च २०१२ मध्ये ४, जानेवारी २०१३ मध्ये ६, जूनमध्ये ८, ऑगस्टमध्ये १०. दीड वर्षात पाच पायऱ्या. टक्क्यांत लावलेला कर रुपया पडला की आपोआप जास्त रुपये वसूल करतो, हा त्यातला फरक लक्षात घ्या. सप्टेंबरमध्ये तयार दागिन्यांच्या आयातीवर १५ टक्के कर लावला, तो सोन्यापेक्षा जास्त ठेवला कारण बाहेरचा तयार माल येऊन आपल्या कारागिरांच्या हातचं काम जाऊ नये. शिवाय रिझर्व्ह बँकेनं नियम केला की आयात केलेल्या सोन्यातला पाचवा हिस्सा दागिने निर्यात करणाऱ्यांनाच द्यायचा. म्हणजे सोन्यासाठी गेलेल्या डॉलरपैकी काही तरी परत यावेत. अर्थमंत्री पी. चिदंबरम यांनी तर लोकांना जाहीरपणे विनवलं, सोनं घेऊ नका. त्या दिवसांत आमच्याकडे सोन्याच्या आयातीची कागदपत्रं घेऊन येणारे व्यापारी नव्या परिपत्रकाचा अर्थ विचारायचे आणि आम्ही ते पुन्हा पुन्हा वाचून बघायचो, इतके नियम भराभर बदलत होते.

उपयोग झाला का? आकड्यांत दिसला. २०१३-१४ मध्ये सोन्याचं बिल ५४ अब्जांवरून २९ अब्ज डॉलरच्या खाली आलं आणि चालू खात्यावरची तूट ८८ वरून ३२ अब्जांवर. पण रुपया सावरला तो एकट्या करामुळे असं कुणी सांगितलं तर विश्वास ठेवू नका. सप्टेंबर २०१३ मध्ये रघुराम राजन रिझर्व्ह बँकेचे गव्हर्नर झाले तेव्हा बँकांना परदेशस्थ भारतीयांच्या डॉलर ठेवी सवलतीत घेण्याची सोय उघडली गेली. तिच्यातून आणि तशाच दुसऱ्या एका सोयीतून मिळून ३४ अब्ज डॉलर आले. करानं डॉलर जाण्याचं भोक लहान केलं, या ठेवींनी हौदात पाणी आणलं. दोन्ही मिळून पातळी सावरली.

आणि करानं खरंच किती सोनं थांबलं, याबद्दल मला कायम शंका राहिली आहे. त्याचं कारण चोरटी आयात. तेव्हाच्या भावानं एक किलो सोन्यावर १० टक्के कर म्हणजे तीन लाख रुपये. एक किलोची कांडी मोबाइलएवढी असते. तीन लाख वाचवायला ती कमरेला बांधून विमानातून उतरणारे निघणारच. डिसेंबर २०१३ मध्ये सरळ मार्गानं आलेलं सोनं इतकं दुर्मीळ झालं की जागतिक भाव आणि कर धरूनही वर औंसाला १६० डॉलरपर्यंत जादा मोजावे लागत होते. हा जादा पैसा सरकारला मिळत नव्हता, रुपयाला मिळत नव्हता. तो चोरट्या वाटेनं सोनं आणणाऱ्याला मिळणारं आमिष होता. पुढे नोव्हेंबर २०१४ मध्ये तो पाचव्या हिश्श्याचा नियम काढून टाकावा लागला.

चोरट्या सोन्याची आणखी एक गोष्ट फारशी सांगितली जात नाही. त्यासाठीही डॉलर लागतातच. ते हवालातून येतात. दुबईत काम करणारा माणूस घरी पैसे पाठवायला निघतो. हवालावाला त्याचे दिरहम तिकडे ठेवून घेतो, त्यातून सोनं घेतो आणि त्याच्या घरी इकडे रुपये पोचवतो. बँकेतून जे परकीय चलन देशात आलं असतं ते आलंच नाही. सरकारी कागदावर सोन्याची आयात घटली, व्यापार तूट घटली, पण डॉलरची आवकही तितकीच आटली. रुपयाला काहीच फायदा नाही, आणि कर बुडाला तो वेगळाच. म्हणून कर एका मर्यादेपलीकडे गेला की तो आकडे सुधारतो, परिस्थिती सुधारत नाही.

हे घडतंय हे कसं ओळखायचं? बाजारातला ठोक भाव आणि हिशेबानं येणारा भाव यांची तुलना करायची. जागतिक भाव गुणिले डॉलरचा दर, अधिक आयात कर. झवेरी बाजारातला ठोक भाव यापेक्षा बराच काळ बराच खाली राहिला, तर दोन शक्यता असतात. एक तर गिऱ्हाईक खरोखर नाही. किंवा कर न भरलेलं सोनं बाजारात शिरलंय आणि सरळ मार्गानं आणणाऱ्याला त्याच्याशी टक्कर घेत आपला माल सुटीनं विकावा लागतोय. सराफ बाजारात गर्दी असतानाही सूट दिसत असेल तर दुसरी शक्यता धरावी. जुलै २०२२ मध्ये रुपया दबावाखाली होता तेव्हा कर एकूण १५ टक्क्यांवर नेला गेला, आणि जुलै २०२४ च्या अर्थसंकल्पात तो ६ टक्क्यांवर आणला गेला. इतक्या मोठ्या कपातीमागे हा चोरटा व्यापार हे मोठं कारण होतं. कपातीनंतर लगेच ऑगस्टमध्ये १० अब्ज डॉलरचं सोनं सरळ मार्गानं आलं. वाढवायचा तर चोरी, उतरवायचा तर आयात. सरकार कुणाचंही असो, या कात्रीतून सुटका नाही.

तुमचा मुलगा वर्तमानपत्रात दर महिन्याला ‘सोन्यामुळे व्यापार तूट विक्रमी’ असं काही वाचत असेल. त्याला एक सांगा. हे आकडे वाणिज्य मंत्रालय महिन्याच्या मध्याला आधीच्या महिन्याचे जाहीर करतं, आणि एका महिन्यावरून निष्कर्ष काढायचा नसतो. ऑक्टोबर २०२५ मध्ये दिवाळीसाठी १४.७ अब्ज डॉलरचं सोनं आलं आणि महिन्याची व्यापार तूट ४१.७ अब्जांवर गेली. पुढच्याच महिन्यात सोनं ४ अब्जांवर आणि तूट साडेचोवीस अब्जांवर आली. सणासाठी साठा भरला होता, इतकंच. त्याआधीच्या वर्षी तर नोव्हेंबर २०२४ चा सोन्याचा आकडा १४.८ अब्ज डॉलर असा जाहीर झाला, सगळीकडे कल्लोळ झाला, आणि नंतर कळलं की काही आयात दोनदा मोजली गेली होती. दुरुस्त आकडा ९.८ अब्ज निघाला. शिवाय डॉलरमधलं बिल वाढलं म्हणजे सोनं जास्त आलं असं नाही. जगात भाव चढला असेल तर टन कमी येऊनही बिल फुगतं. म्हणून डॉलर आणि टन दोन्ही बघायला त्याला शिकवा. बी.कॉम.च्या परीक्षेतही कामाला येईल.

आता तुमच्या साजाकडे आणि पाटल्यांकडे.

लेकीच्या लग्नाला सोनं घेऊ नका असं मी तुम्हाला सांगणार नाही. ज्या बाईच्या नावावर शेत नसतं, घर नसतं, तिच्या नावावर निदान अंगावरचं सोनं असतं. हे मी माझ्या आईच्या बाबतीत पाहिलं आहे. पण तुमच्या घरात जुनं सोनं आहे का ते आधी बघा. सासूबाईंची मोहनमाळ, तुटलेली वेढणी, एकच उरलेलं कानातलं, लॉकरच्या डब्यात तळाशी पडलेलं. ते मोड म्हणून दिलंत, तर तेवढ्या सोन्यासाठी झवेरी बाजारात कुणाला डॉलर घ्यावा लागत नाही. मुलाचा आक्षेप तिथंच मिटतो. तुम्हालाही फायदा आहे. ते सोनं तुमच्या घरात आलं तेव्हाच त्याची किंमत मोजून झालेली आहे. आज मोडीला भाव मिळतो तो आजचा, ज्यात आयात कर मिसळलेला असतो. कर वाढला तर तुमची मोडही तितकीच वर जाते. करवाढीची भीती वाटते त्या माणसाला यापेक्षा चांगली ढाल नाही.

‘कर वाढणार’ अशी हवा अर्थसंकल्पाच्या आधी दरवर्षी उठते. त्या हवेवर उचलून सगळं सोनं एकदम घेऊ नका. करवाढ झालीच तर ती बहुधा लगेच लागू होते, आणि गुजरीत दुसऱ्या दिवशी जुन्या मालाचाही भाव चढलेला असतो, कारण सराफ विकलेलं सोनं नव्या भावानंच भरून काढणार असतो. त्यात त्याची लबाडी नाही. पण कर एक टक्का वाढला तर किमतीत साधारण एकच टक्का वाढ होते, आणि तेवढा फरक साजाची मजुरी ठरवताना सहज इकडचा तिकडे होतो. रुपया आणि जागतिक भाव यांच्या हालचाली याहून मोठ्या असतात, आणि त्यांचा अंदाज आयुष्यभर त्या टेबलावर बसूनही मला बांधता आला नाही. लग्नाला वर्ष आहे. लागणारं सोनं तीन-चार हप्त्यांत घ्या. आधी पाटल्या, कारण त्यात सोनं जास्त आणि मजुरी कमी. साज नंतर करायला टाका. एखादा हप्ता महाग पडेल, एखादा स्वस्त, सरासरी गाठ पडेल.

लग्नापुरतं झाल्यावर निव्वळ गुंतवणूक म्हणून आणखी सोनं हवं असेल तर त्याचा वेगळा विचार करा. सरकारनं २०१५ पासून सुवर्ण रोखे काढले ते याच कारणासाठी. त्यात रोख्यामागे सोनं आणून ठेवलं जात नाही, सरकार फक्त मुदतीअंती सोन्याच्या भावानं पैसे द्यायचं वचन देतं, म्हणून डॉलर बाहेर जात नाहीत. फेब्रुवारी २०२४ नंतर नवे रोखे काढलेले नाहीत, पण आधी निघालेले रोखे शेअर बाजारात विकत मिळतात. सोन्याच्या ईटीएफचं, म्हणजे शेअर बाजारात मिळणाऱ्या सोन्याच्या फंडाचं, मात्र तसं नाही. कागदावर दिसत असलं तरी त्यामागे खरं सोनं घेऊन तिजोरीत ठेवलेलं असतं, म्हणजे आयात आलीच. मुलाशी वाद होईल तेव्हा हा फरक उपयोगी पडेल.

मोड द्यायला जाताना एवढं करा. लाखेवर केलेले दागिने असतील, जुन्या साजात ते असतातच, तर तुमच्यासमोर लाख काढून मगच वजन करायला सांगा. लाखेसकट वजन धरलं तर नंतर घट किती यावरून वाद होतो. आटवण्याआधी यंत्रावर शुद्धता तपासून तिचा कागद घ्या, कारण पूर्वीच्या दागिन्यांवर हॉलमार्क नसतो आणि ‘बावीस कॅरेटच होतं’ हे आपण फक्त सासूबाईंच्या सांगण्यावरून धरलेलं असतं. नव्या पाटल्यांवर सहा अक्षरी-अंकी हॉलमार्क क्रमांक आहे का ते भिंगातून बघा आणि तो बिलावरही लिहून घ्या. सकाळी लवकर जा, अंबाबाईचं दर्शन करून. दुपारनंतर गर्दीत सराफाला तुमच्यासमोर लाख काढत बसायला सवड मिळत नाही.